चौघांचं विमान, एकट्याचं भाडं

स्वस्त विमानाच्या जाहिरातीतला माणूस एकदा नीट पाहून घ्या. तो एकटा असतो. पाठीवर एक सॅक, कानात इअरफोन आणि चेहऱ्यावर मंगळवारी दुपारी रजा मिळाल्याचं समाधान. त्याच्या मागे आठ वर्षांचा मुलगा ‘बाबा, शू’ म्हणत उभा नसतो. शेजारी आहेराच्या साड्यांची बॅग छातीशी धरलेली बायको नसते. येताना त्याच्या हातात कुणी संत्र्यांची पेटी कोंबणार नसतं. जाहिरातीतलं भाडं हे त्या गृहस्थाचं भाडं आहे आणि ते त्याला मिळतंही. तक्रार एवढीच की ते वाचून आपण घरी चौघांचा बेत ठरवतो.

तर एक चौकोनी कुटुंब घेऊ. मुक्काम कोथरूड, सासुरवाडी नागपूर. नवरा, बायको, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. डिसेंबरात मेहुण्याचं लग्न. सासूबाईंचा फोन येतो, ‘जावईबापू, रेल्वेनं कशाला येऊन राहिले? आता तर विमान सस्तं झालं म्हणते सारे.’ सारे म्हणजे शेजारचा मुलगा. तो बंगळुरात नोकरीला आहे, अजून अविवाहित आहे आणि दिवाळीला एक सॅक घेऊन येतो. म्हणजे पुन्हा तोच, जाहिरातीतला.

आधी पैसे. पुणे ते नागपूर रेल्वेनं नऊशे किलोमीटरला थोडं कमी. रात्रीच्या सुपरफास्ट गाडीचं स्लीपरचं तिकीट साडेपाचशेच्या आसपास, थ्री एसी चौदाशेच्या आसपास, टू एसी दोन हजारांच्या आसपास. पाच-पन्नास इकडेतिकडे होतील, पण आज बघा नाहीतर महिन्याभरानं बघा, भाडं जवळपास तेच असतं. चौघांचे अनुक्रमे बावीसशे, छप्पनशे आणि आठ हजार. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क तिकिटामागे लागतं, माणसामागे नाही. एसीचं तिकीट यूपीआयनं काढलं तर वीस रुपये अधिक जीएसटी, मग तिकिटावर एक नाव असो की सहा. वर ऐच्छिक विमा माणशी ४५ पैशांत. पैशांत भाव असलेली देशात एवढी एकच वस्तू उरली असावी.

विमानाचं तसं नाही. विमानाचं भाडं म्हणजे एक आकडा नव्हे, ती उतरंड असते. सगळ्यात खालच्या भावात थोड्या जागा, त्या संपल्या की वरचा भाव, मग त्याच्या वरचा. आता गंमत बघा. खालच्या भावात दोनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही एकदम चौघांसाठी शोध घेतलात, तर बहुतेक वेळा दोघांना खालचा आणि दोघांना वरचा असा भाव लागत नाही. चौघांनाही वरचाच लागतो. संगणकाला चारही जागा एकाच भावात हव्या असतात. म्हणून आधी एकट्यासाठी शोधून बघायचं, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. दर माणशी आकडा जिथे उडी मारतो, तिथे उतरंडीची पायरी आहे. मग दोन-दोनची दोन तिकिटं काढायची, प्रत्येकात एक मोठं माणूस ठेवायचं. हजार-दोन हजार सहज वाचतात. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. तिकिटं दोन म्हणजे पीएनआर दोन. उद्या विमान रद्द होऊन दुसऱ्यात बसवायची वेळ आली, तर कंपनीच्या लेखी तुम्ही दोन परकी कुटुंबं.

लग्नसराईत, शुक्रवारी, पुणे-नागपूर चौघं मिळून वीस हजारांच्या आत पोचत असाल तर पेढे वाटा. मी माणशी साडेपाच हजार धरतो, म्हणजे बावीस हजार. आठ वर्षांच्या मुलाला सवलत नाही. दोन वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक जीव विमानाच्या लेखी कमावता गृहस्थ असतो. सुविधा शुल्क इथे माणसामागे, साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे चौदाशे. मग येतात खुर्च्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा बाबाजवळ बसवा, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. त्यामुळे धाकट्याच्या शेजारी कुणीतरी एक नक्की. उरलेली दोघं कुठे बसतील ते नशिबावर, किंवा पैशांवर. शिवाय विमानात एका बाजूला खुर्च्या तीन. चौकोनी कुटुंब तीनच्या ओळीत बसवायचं गणित अजून कुणाला सुटलेलं नाही. तेरा वर्षांची मुलगी पलीकडे एकटी बसते आणि खरं सांगायचं तर प्रवासात खूश असलेली ती एकटीच असते.

कोथरूड ते लोहगाव टॅक्सी, विमानतळावरचे चार डोसे आणि दोन कॉफ्या, नागपुरात सोनेगावहून घरापर्यंत पुन्हा टॅक्सी. (नागपूरची मेट्रो विमानतळाजवळ जाते, पण मानेवर चार बॅगा असलेल्या जावयाला मेट्रोनं आणणं हा सासुरवाडीचा अपमान आहे.) बेरीज सव्वीस हजारांच्या घरात जाते. स्टेशनापर्यंतची रिक्षा आणि घरून नेलेल्या पोळ्या-बटाट्याची भाजी धरून टू एसीचा खर्च नऊ हजारांवर जाता जात नाही. फरक सतरा हजार. एका बाजूचा. आणि स्लीपरचा हिशेब तर काढूच नका. चौघांचं स्लीपरचं तिकीट म्हणजे विमानवाल्यांच्या दोन टॅक्स्या आणि ते चार डोसे.

‘पण वेळ?’ हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा मनगटाकडे बघून विचारतो. दीड तास कुठे, पंधरा तास कुठे!

वेळ घराच्या कुलपापासून सासुरवाडीच्या पाटापर्यंत मोजायचा. विमान अकराचं धरू. सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे दहाला. लग्नसराईतली रांग बघता नऊला पोचायला हवं आणि कोथरूडहून त्यासाठी साडेसातला निघायला हवं. पुण्याची वाहतूक माहीत असलेला माणूस सातला निघेल. विमान साडेबाराला उतरलं, पट्ट्यावरून बॅगा येईतो एक वाजला, घरी दीड-पावणेदोन. साडेसहा तास झाले. यातला हवेतला वेळ दीड तास. उरलेल्या पाच तासांत कुठेही सलग बूड टेकत नाही. टॅक्सी, दारावरचा पोलीस, काउंटर, पट्टे-मोबाइल-चार्जर ट्रेमध्ये, गेट, मग गेट बदललं म्हणून दुसरं गेट, बस, शिडी. आठ वर्षांच्या मुलाला या प्रत्येक ठिकाणी शू लागते.

रेल्वे संध्याकाळी सहाच्या सुमाराची धरा. सव्वाचारला घर सोडलं, सकाळी साडेनऊला नागपूर, सव्वादहाला घरी. अठरा तास. ऐकायला भयंकर. पण त्यातले आठ तास झोपेचे, आणि ते तुम्ही घरीही झोपूनच घालवले असते. उरले दहा. म्हणजे विमानानं वाचवले जागेपणाचे साडेतीन तास. सतरा हजार भागिले साडेतीन, तासाला पावणेपाच हजारांच्या वर. ज्याच्या घरात तासाला एवढे पैसे येतात त्यानं विमानानं जावं, आणि जाऊन त्या साडेतीन तासांत काम करावं. सासूबाईंच्या दिवाणावर लोळून ते फिटत नाहीत.

त्यातही अकराचं विमान स्वस्तात मिळेल, हे मी गृहीत धरलं. स्वस्त भाव बहुधा पहाटे पाच-साडेपाचच्या विमानाला किंवा रात्री अकरानंतरच्या. पहाटे पाचचं विमान म्हणजे अडीचला उठणं. त्या दिवशी विमानवाल्यांची झोपही हिशेबात घ्यावी लागते. नागपुरात उतरल्यावर चौघांपैकी तिघं दुपारी झोपतात. चौथा चिडचिड करतो, आणि सासूबाई म्हणतात, ‘विमानाची दगदग झाली वाटते पोराले.’

आता वंदे भारतची बाजू मांडणारे हात वर करतात. पुणे ते अजनी वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. बारा तासांत पोचवते, या मार्गावरच्या गाड्यांत सगळ्यात वेगवान. पण ही गाडी दिवसाची. सकाळी साडेसहाच्या आत पुणे सोडते, संध्याकाळी साडेसहाच्या आत अजनी. चेअर कारचं भाडं जवळजवळ टू एसीइतकं, आणि बारा तास खुर्चीत. झोपेचा एकही तास वजा होत नाही, सगळे जागेपणाचे. वर एक रजा जाते. खुर्च्या तीन आणि दोन अशा, म्हणजे चौकोनाचा प्रश्न इथेही तोच. मधल्या टप्प्यांना ही गाडी उत्तम आहे. पुण्याहून मनमाड, जळगाव, शेगाव गाठणाऱ्याला तिच्यासारखं सुख नाही. पण शेवटच्या स्टेशनापर्यंत आठ वर्षांच्या मुलाला खुर्चीत बांधून नेणाऱ्या आईबापांना सरकारनं वर्ध्याच्या पुढे शौर्यपदक द्यावं.

ट्रॅव्हल्सचा विषय मी मुद्दाम काढत नाही. लग्नाला जायचं आहे.

राहिला रेल्वेतल्या वर्गांचा प्रश्न, आणि इथे लोक सगळ्यात घाईनं ठरवतात. थ्री एसी घेऊ, माणशी सहाशे रुपये कमी लागतात, म्हणजे चौघांचे चोवीसशे वाचतात. वाचतात खरे. पण डब्याची रचना आठवून बघा. थ्री एसीत एका कप्प्यात समोरासमोर सहा बर्थ आणि बोळाच्या पलीकडे दोन. चौघं बसलात की कप्प्यात दोन पाहुणे ठरलेले. त्यातला एक नऊ वाजता म्हणतो, ‘मधला बर्थ लावू या का?’ नियमानं मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा, पण नऊला झोपणाऱ्याला नियम दाखवणारा माणूस रात्रभर त्याचं घोरणं ऐकतो. मधला बर्थ एकदा लागला की खाली ताठ बसता येत नाही. जेवण राहिलेलं असेल तर ते मान वाकडी करून.

टू एसीत कप्पा चौघांचा. दोन खाली, दोन वर, मधला नाहीच. एक ते चार, सात ते दहा, तेरा ते सोळा असे सलग आकडे मिळाले की पडदा ओढायचा. आठ हजारांत फिरतं घर. बुकिंग करताना ‘सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच’ आणि ‘निदान दोन खालचे मिळाले तरच’ असले पर्याय तिथे दिलेले असतात. बहुतेक लोक ते न बघता पुढे जातात, आणि मग गाडीत ‘काका, जरा तिकडे बसता का’ ही यात्रा काढतात. काका बसत नाहीत. काकांनीही खालचा बर्थ साठ दिवस आधी मिळवलेला असतो.

इथेच धाकट्याच्या अर्ध्या तिकिटाचा मोह होतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं भाडं. बर्थ हवा तर पूर्ण, हा नियम २०१६ पासूनचा. ‘एवढासा तर आहे, माझ्याजवळ झोपेल,’ असं आई म्हणते. हजार रुपये वाचतात. पण चौथा बर्थ रेल्वे मोकळा ठेवत नाही, तो दुसऱ्या कुणाला जातो. म्हणजे हजार रुपये वाचवून तुम्ही आपल्या पडद्याआड एक अनोळखी गृहस्थ आणून बसवले, आणि एवढासा रात्री दोनला आईच्या बरगडीत गुडघा घालतो तो वेगळा. टू एसीत मुलाचं पूर्ण तिकीट हे त्याच्या झोपेचं नसतं, तुमच्या एकांताचं असतं.

स्लीपरला मी नावं ठेवणार नाही. डिसेंबरात, चांगली पांघरुणं बरोबर असतील तर बावीसशे रुपयांत चौघांना विदर्भात पोचवणारी दुसरी सोय नाही. मे महिन्यात मात्र भुसावळ-अकोल्याची दुपार ज्या गाडीच्या वाट्याला येते, त्या गाडीत स्लीपर घेऊ नका. पंखा फिरतो, पण गरम वारा फिरवतो. फर्स्ट एसी या हिशेबात बसत नाही. चौघांचे तेरा हजारांच्या आसपास होतात, केबिन चौघांची की कूपे दोघांचं हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि प्रत्येक गाडीला तो डबा नसतोही.

आता सामान. कागदावर बघायला गेलं तर विमान तोकडं पडतं, पण अगदीच नाही. माणशी पंधरा किलो पोटात, सात किलो हातात. चौघांचे अठ्ठ्याऐंशी. रेल्वेत टू एसीला माणशी पन्नास, थ्री एसी आणि स्लीपरला चाळीस, मुलाला निम्मं. आपल्या कुटुंबाचे टू एसीत एकशे पंचाहत्तर किलो होतात. एवढं सामान घेऊन कोथरूडहून निघालात तर शेजारी समजतील की घर बदलताय.

खरी मेख वजनाच्या बेरजेत नाही, वाटणीत आहे. लग्नाचं सामान माणशी नसतं. आहेराची बॅग बावीस किलोची, मुलीची नऊ किलोची, मुलाची पाच किलोची. काही विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात माणशी एकच डाग घेतात, त्यामुळे बावीसातले सात काढून पाचात घालण्याचा सोहळा काउंटरसमोर फरशीवर होतो. पैठण्या, परकर, नवरदेवाच्या नावाचं पाकीट, सगळं मागच्या रांगेला दाखवत. हा सोहळा टाळायचा तर आदल्या रात्री घरी वजनकाटा काढायचा. आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी. पहिला आकडा मोठ्यानं वाचायचा नाही.

पण हे जातानाचं. जाताना सामान आपलं असतं, ते आवाक्यात ठेवता येतं. येतानाचं सामान सासुरवाडीचं असतं. डिसेंबरात नागपुरात आंबिया बहराची संत्री बाजारात असतात आणि जावयाला पेटी न देता पाठवणारी सासू विदर्भात जन्मायची आहे. पेटी दहा किलोची. संत्री सहाशे-सातशेची. विमानतळावर जादा वजनाचा दर किलोमागे पाच-सहाशेच्या घरात, म्हणजे पेटीचे पाच-सहा हजार. तेवढ्या पैशांत पुण्याच्या मार्केट यार्डातून पुढच्या वर्षीपर्यंत पुरतील इतकी संत्री येतात, हे सासूबाईंना समजावून सांगायला मी तुम्हाला सांगणार नाही. जादा वजन आदल्या दिवशी ऑनलाइन घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. पण सासूबाई पेटीची गोष्ट निघायच्या अर्धा तास आधी सांगतात. तोवर ती दारामागे असते.

लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, तेल म्हणजे द्रव. ती पोटातल्या सामानात, तीन पिशव्यांत बांधून, पैठणीपासून लांब. आणि ओटीत खोबऱ्याची वाटी आली असेल तर ती काढून ठेवा. सुकं खोबरं तेलकट असतं, कोंडलं की आपोआप तापू शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. ओटी भरून घेतलेल्या बाईला विमानतळावर खोबरं काढून द्यावं लागतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याच यादीत नसतं. रेल्वेत ही पेटी, बरणी आणि वाटी तिन्ही खालच्या बर्थखाली सरकतात. एवढंच बघा की बर्थखालची जागा उंचीला कमी असते. चार चाकांची मोठी कडक बॅग तिथे शिरत नाही, मऊ बॅगा शिरतात.

उशिराची गोष्ट दोघांचीही सारखीच, फक्त कारणं वेगळी. एकच विमान दिवसभर चार-पाच गावं फिरत असतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमान संध्याकाळी पुण्याच्या फलकावर उशिरा येतं आणि पुण्यात तर ऊन पडलेलं असतं. म्हणून डिसेंबरात सकाळचं पहिलं विमान बरं, निदान ते रात्रीच येऊन उभं असतं. रेल्वेचाही तोच न्याय. जाताना गाडी पुण्यातून सुटते, त्यामुळे वेळेवर लागते आणि सामान सावकाश चढतं. येताना मात्र हावड्याहून येणारी आझाद हिंद घेतलीत तर नागपूरला पोचेपर्यंत तिच्यामागे हजार किलोमीटरहून जास्त रूळ आणि तेवढी कारणं असतात. नागपूरहूनच सुटणारी गाडी मिळत असेल तर ती घ्या, मग ती तास-दोन तास जास्त घेणारी का असेना.

आणि विमान कोसळतं ते फक्त हवेत नाही, वेळापत्रकातही कोसळतं. २०२५ च्या डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं दिवसाला शेकड्यांनी रद्द झाली, बाकीच्या कंपन्यांचे भाव आभाळाला भिडले, आणि सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. पाचशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्याला, ज्यात पुणे-नागपूर येतं, ते होतं बारा हजार, वर कर वेगळे. म्हणजे सरकारनं दयाळूपणे घातलेल्या मर्यादेतसुद्धा चौघांचे अठ्ठेचाळीस हजार. तो आठवडा लग्नाचा होता. कितीतरी वधूवरांचे मामा त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर अंतरपाटामागे उभे होते.

एवढं सगळं असून लोक विमानाकडे वळतात त्याचं खरं कारण वेळ नाही, हौसही नाही. कारण आहे कन्फर्म तिकीट. विमानात पैसे मोजले की जागा आहे. रेल्वेत पैसे मोजले की नंबर आहे. माल दोघांकडेही कमीच. विमान कंपनी भाव वाढवून गर्दी पांगवते, रेल्वे भाव तसाच ठेवून गर्दीला ताटकळत ठेवते. आरएसी मिळालं तर त्यातही मेख आहे. बाजूच्या खालच्या एका बर्थवर दोन माणसं, आणि भाडं दोघांचंही पूर्ण. तत्काळला एका तिकिटावर चारच नावं बसतात, म्हणजे चौकोनी कुटुंबाला ते बेतून शिवल्यासारखं. पण एसीची तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडते आणि दहा वाजून तीन मिनिटांनी बायको स्वयंपाकघरातून विचारते, ‘मिळालं का?’ नवरा त्या वेळी गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत असतो. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही, हेही त्या चक्राकडे बघतानाच आठवतं.

विमान कधी घ्यावं, हेही सांगतो, नाहीतर माझी रेल्वेत भागीदारी असल्याचा संशय येईल. रजा दोनच दिवसांची असेल तर घ्या. बरोबर गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील आणि पादचारी पूल चढायचा असेल तर घ्या. विमानतळावर चाकाची खुर्ची आधी सांगितली तर मिळते. जुलै-ऑगस्टात, मंगळवार-बुधवारी, हातातल्या सामानावर जाणार असाल तर घ्या, तेव्हा तुम्ही जाहिरातीतल्या माणसाच्या जवळपास येता. आणि अंतर मोठं असेल तर डोळे झाकून घ्या. पुण्याहून गुवाहाटी किंवा कोलकात्याला दोन रात्री रेल्वेत काढायच्या, येऊन-जाऊन चार. चौघांच्या चार दिवसांच्या जेवणाचा, रजांचा आणि भांडणांचा खर्च धरला तर तिथे विमानच स्वस्त. राजधानी आणि दुरांतोचा हिशेब वेगळा करा. त्यांची भाडी जागा भरत जातात तशी वाढतात, आणि शेवटच्या जागांना टू एसी आणि विमान यांतला फरक चौघांच्या चहापाण्याइतका उरतो. रेल्वेनं विमानाकडून घेतलेली गोष्ट म्हणजे हीच. डोसा नाही घेतला.

पण जिथे एका रात्रीत गाडी पोचवते, तिथे चौघांनी आणि सामानानं टू एसीच घ्यावं, हा माझा निकाल. पुणे-नागपूर त्यातच येतं. एवढ्यासाठी साठ दिवस आधी सकाळी आठच्या आत खात्यात शिरून बसावं लागतं, खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि साठ दिवस मोजताना प्रवासाचा दिवस धरायचा नसतो. बर्थची दोन खालचे, दोन वरचे अशी निवड आधी भरून ठेवा आणि चौघांची नावं, वयं ‘मास्टर लिस्ट’मध्ये घालून ठेवा, म्हणजे आठ वाजता मुलीचं स्पेलिंग आठवत बसायला नको. आणि एक राहिलं. परतीचं बुकिंग त्याच दिवशी उघडत नाही. जायच्या तारखेनंतर तीन दिवसांनी परत निघणार असाल तर ते तीन दिवसांनीच उघडतं, तेव्हा मोबाइलमध्ये गजर दोन लावा.